क्रेडिट कार्डची लिमिट किती वापरली, यावर स्कोअर कसा ठरतो आणि बिल तयार होण्याआधी पैसे कधी भरावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतील गावांमधून कर्जाच्या कागदपत्रांसाठी माझ्याकडे येणारी माणसे गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. जून-जुलैमध्ये हे प्रश्न अधिक येतात, कारण त्याच दिवसांत बियाणे व खते कार्डावर घेतली जातात आणि त्याच दिवसांत कोणाला तरी घराच्या किंवा दुचाकीच्या कर्जासाठी अर्ज करायचा असतो. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा मांडण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिमिटचा वापर म्हणजे नेमके काय, आणि तो कसा काढतात?

कार्डावर बँकेने मंजूर केलेली कमाल रक्कम म्हणजे लिमिट. त्यातली किती रक्कम एखाद्या दिवशी तुमच्याकडून येणे आहे, याचे शेकडा प्रमाण म्हणजे वापर. लिमिट ६०,००० रुपये असेल आणि त्या दिवशी १५,००० रुपये बाकी असतील, तर वापर २५ टक्के होतो. एकापेक्षा जास्त कार्डे असतील तर सर्व बाकीची बेरीज भागिले सर्व लिमिटची बेरीज असाही हिशेब होतो, आणि प्रत्येक कार्डाचा वेगळा हिशेबही पाहिला जातो. म्हणून एकूण वापर कमी असला तरी एक कार्ड काठोकाठ भरलेले असणे चांगले दिसत नाही.

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत; तुमच्या कर्जाची आणि परतफेडीची नोंद ठेवून त्या रिपोर्ट आणि स्कोअर देतात. त्यांचा स्कोअर ३०० ते ९०० या पट्टीवर असतो. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतात. बोलताना त्यात काही बिघडत नाही. मात्र बँक कोणत्या कंपनीचा रिपोर्ट काढेल हे ती बँक ठरवते.

२. मी आजवर एकही बिल थकवलेले नाही, दर महिन्याला पूर्ण रक्कम भरतो. तरीही रिपोर्टमध्ये माझ्या नावावर ४० हजारांची बाकी का दिसते?

कारण रिपोर्टमध्ये एका ठरावीक दिवशीची बाकी नोंदली जाते; ती बाकी तुम्ही पुढे दहा दिवसांनी संपूर्ण फेडणार आहात, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. समजा तुमचे स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचे बिल, २० तारखेला तयार होते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १० आहे. २० ते १० या काळात तुम्ही कोणताही गुन्हा केलेला नसतो, व्याजही लागत नसते, पण खात्यावर बाकी उभी असते. बँकेने नेमक्या त्याच काळात आकडा कळवला तर तो आकडा रिपोर्टमध्ये बसतो.

वेळेवर पैसे भरणे आणि वापर कमी असणे या स्कोअरच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे वजन जास्त आहे. दुसरी मात्र अनेकदा अशाच माणसांना त्रास देते ज्यांची पहिली गोष्ट निर्दोष आहे. बिल तयार होण्याआधी पैसे भरण्याचा सगळा विचार या फरकातूनच निघतो.

३. ३० टक्क्यांच्या वर गेले की स्कोअर लगेच पडतो, हे खरे आहे का?

वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला आहे आणि अंदाजासाठी तो ठीकच आहे. पण २९ टक्क्यांवर सगळे सुरळीत आणि ३१ वर दरड कोसळली, असे होत नाही. वापर जसजसा वाढतो तसतसा परिणाम वाढत जातो, आणि लिमिट जवळजवळ संपल्यावर तो सर्वांत ठळक असतो. स्कोअरचे नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. त्यामुळे ‘वापर ७० वरून २० वर आणा, इतके गुण वाढतील’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसापासून दूर राहावे, विशेषतः तो त्यासाठी फी मागत असेल तर.

४. मग बँक आकडा कोणत्या दिवशी कळवते? स्टेटमेंटच्या दिवशी, की दुसऱ्याच एखाद्या दिवशी?

इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या पद्धतीवर बेतलेले असते. तिकडे कार्ड देणाऱ्या बहुतेक संस्था स्टेटमेंट तयार झाल्यावर त्यातली रक्कम कळवतात, म्हणून ‘स्टेटमेंटच्या आधी भरा’ एवढा एकच सल्ला तिकडे पुरतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी पतमाहिती किमान दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याच्या १५ तारखेची आणि शेवटच्या दिवसाची, कळवायची आहे. त्यापूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. त्या तारखेपासून सात दिवसांत बँकेने माहिती पाठवायची आणि मिळाल्यापासून पाच दिवसांत पतमाहिती कंपनीने ती चढवायची, अशी त्यात मुदत आहे. याहून कमी अंतराने माहिती देण्यासही मुभा आहे.

आता खोच अशी की, १५ तारखेची माहिती देताना कार्डाच्या बाबतीत काही ठिकाणी त्या दिवशीची चालू बाकी जाते, तर काही ठिकाणी शेवटच्या स्टेटमेंटमधली रक्कम पुढे जाते. तुमच्या कार्डाचे काय होते हे शाखेतल्या खिडकीवर विचारून सहसा कळत नाही. मी विचारून पाहिले आहे आणि तिघांकडून तीन उत्तरे मिळाली आहेत. ते रिपोर्टवरूनच ओळखावे लागते (प्रश्न ५). ओळखता आले नाही, तर स्टेटमेंटची तारीख आणि तिच्यानंतर येणारी १५ किंवा महिनाअखेर, या दोन्ही दिवशी बाकी कमी राहील असे पाहावे.

५. माझ्या कार्डाचा कोणता आकडा कळवला जातो, हे घरबसल्या कसे ओळखायचे?

प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट विनामूल्य द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार मोफत रिपोर्ट झाले. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होण्याची भीती असते ती कर्ज देणाऱ्या संस्थांनी थोड्या दिवसांत अनेकदा रिपोर्ट काढल्यावर.

रिपोर्टमध्ये कार्डाच्या खात्यापुढे साधारणपणे `Credit Limit`, `Current Balance` आणि `Date Reported` असे रकाने दिसतात. `Date Reported` मधली तारीख पाहावी आणि `Current Balance` मधली रक्कम वहीत लिहून घ्यावी. मग त्या तारखेच्या आधीचे शेवटचे स्टेटमेंट काढून त्यावरची एकूण देय रक्कम पडताळावी. दोन्ही आकडे रुपयाला रुपया जुळले, तर स्टेटमेंटची रक्कम कळवली जात आहे असे समजावे. जुळले नाहीत, तर स्टेटमेंटनंतरच्या खरेद्या मिळवून आणि भरलेले पैसे वजा करून त्या दिवशीची बाकी काढावी. ती जुळली तर चालू बाकी जात आहे.

पडताळणीसाठी असा महिना निवडावा ज्यात स्टेटमेंट आणि कळवण्याची तारीख यांच्यामध्ये काही खरेदी किंवा भरणा झालेला आहे. नाहीतर दोन्ही आकडे सारखेच येतील आणि काहीच कळणार नाही.

६. खरिपाच्या तोंडावर कार्ड भरते आणि लगेच कर्जाचा अर्ज असतो. एखादे उदाहरण पूर्ण मांडून दाखवाल का?

२०२५ च्या जूनमधला एक हिशेब येथे मांडतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. दारव्हा तालुक्यातले एक शिक्षक, घरी पाच एकर शेती, सोयाबीन आणि पऱ्हाटी. कार्डाची लिमिट ६०,००० रुपये, स्टेटमेंट दर महिन्याच्या २० तारखेला, पैसे भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १०. मे महिन्याचे बिल त्यांनी ५ जूनला पूर्ण भरलेले होते. जुलैच्या मध्यावर त्यांना घरकर्जासाठी अर्ज करायचा होता.

जूनच्या सुरुवातीला कृषी केंद्रातून बियाणे, नंतर खत आणि किराणा असे मिळून १५ जूनला कार्डावर ३९,००० रुपये बाकी होते, म्हणजे ६५ टक्के. त्यापुढे २० तारखेपर्यंत आणखी ३,००० आणि महिनाअखेरपर्यंत आणखी २,००० रुपयांची खरेदी होणार होती. नेहमीप्रमाणे १० जुलैला बिल भरायचे ठरवले असते, तर २० जूनच्या स्टेटमेंटवर ४२,००० रुपये, म्हणजे ७० टक्के, आणि ३० जूनला ४४,००० रुपये, म्हणजे जवळपास ७३ टक्के वापर दिसला असता. ३० जूनची माहिती सात आणि पाच दिवसांच्या मुदती धरून साधारण १२ जुलैपर्यंत रिपोर्टमध्ये येते. १४ जुलैला अर्ज केला असता तर बँकेपुढे हाच ७३ टक्क्यांचा आकडा आला असता, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी बिल पूर्ण भरून चार दिवस झालेले असते.

आपली बँक स्टेटमेंटची रक्कम कळवते की चालू बाकी, हे त्यांना माहीत नव्हते. म्हणून त्यांनी १७ जूनला, स्टेटमेंटच्या तीन दिवस आधी, बचत खात्यातून ३३,००० रुपये कार्डावर भरले. २० जूनचे स्टेटमेंट ९,००० रुपयांचे निघाले, म्हणजे १५ टक्के. ३० जूनची चालू बाकी ११,००० झाली, म्हणजे सुमारे १८ टक्के. बँक यांपैकी काहीही कळवो, आकडा हलकाच जाणार होता. उरलेले ९,००० त्यांनी १० जुलैच्या आत भरले.

१५ जूनचा ६५ टक्क्यांचा आकडा मात्र या भरण्याने बदलला नाही, कारण तो दिवस आधीच होऊन गेला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज केला असता तर कदाचित तोच जुना आकडा समोर असता. पैसे आधी भरणे हे अर्धे काम आहे. नवीन आकडा रिपोर्टमध्ये येईपर्यंत अर्ज थांबवणे हे उरलेले अर्धे.

याच उदाहरणात त्यांच्याकडे जूनमध्ये हातात पैसे नसते, तर दुसरा मार्ग होता. १० जुलैला बिल भरायचे, १५ जुलैची हलकी बाकी कळवली जाऊ द्यायची आणि २७ जुलैनंतर अर्ज करायचा. मात्र त्यांची बँक स्टेटमेंटची रक्कम कळवत असेल तर १५ जुलैलाही २० जूनचाच भारी आकडा जाण्याचा धोका होता. त्या स्थितीत २० जुलैच्या स्टेटमेंटनंतरची ३१ जुलैची माहिती चढेपर्यंत, म्हणजे १२ ऑगस्टपर्यंत, थांबावे लागले असते.

७. मग दर महिन्यालाच बिल तयार होण्याआधी पैसे भरत जावे का?

गरज नाही. वापराचा परिणाम मुख्यतः सध्या नोंदलेल्या बाकीवर असतो; बाकी उतरून नवा आकडा गेला की जुन्या जास्त आकड्याचा भार बहुतांशी निघून जातो. बिल थकवल्याची नोंद वर्षानुवर्षे मागे लागते, तसे याचे होत नाही. रिपोर्टमध्ये मागील महिन्यांच्या बाकीचा आलेखही राहतो आणि काही संस्था तो पाहतात, म्हणून बाराही महिने कार्ड काठोकाठ भरलेले असणे बरे नव्हे. पण वर्षातून एक-दोन महिने खरिपात वापर चढला आणि त्या सुमारास कुठेही अर्ज करायचा नसेल, तर शेवटच्या तारखेच्या आत पूर्ण बिल भरणे एवढेच पुरेसे आहे.

यात पैशाचाही हिशेब आहे. स्टेटमेंटनंतर मिळणारे अठरा-वीस दिवस बिनव्याजी असतात. ते उगाच सोडून देऊन घरातली रोकड जूनमध्ये रिकामी करणे आणि मग डवरणी-निंदणाच्या मजुरीसाठी हातउसने शोधणे, हा उलटा व्यवहार होईल. कर्जाच्या अर्जाआधीचे दोन महिने सोडले, तर मी कोणालाही आधी भरण्याचा आग्रह करत नाही.

८. स्टेटमेंटच्या नेमके किती दिवस आधी भरावे?

तीन कामकाजाचे दिवस आधी भरावे असे मी सांगतो. बँकेच्या ॲपवरून किंवा यूपीआयवरून केलेला भरणा अनेकदा काही मिनिटांत कार्डावर दिसतो, तरी दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरल्यास तो कार्डाच्या खात्यावर जमा दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. मध्ये रविवार आला किंवा गावात दिवसभर रेंज नसली, की तेवढ्यात स्टेटमेंट तयार होऊन जाते. चेकने भरायचे असेल तर आठवडाभर आधी टाकावा. पैसे खात्यातून गेले हा एसएमएस पुरेसा समजू नये. कार्डाच्या ॲपमध्ये उपलब्ध लिमिट वाढलेली दिसली की मगच काम झाले.

९. आधी पैसे भरले, म्हणजे त्या महिन्याचे बिल भरून झाले ना?

नाही, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. स्टेटमेंटच्या आधी भरलेली रक्कम बाकीतून वजा होते आणि उरलेल्या रकमेचे स्टेटमेंट निघते. ती उरलेली रक्कम, मग ती चारशे रुपये का असेना, शेवटच्या तारखेपर्यंत वेगळी भरावीच लागते. ‘मी तर आधीच ३३ हजार भरले’ या समजुतीत राहून उरलेले विसरणारे लोक मी पाहिले आहेत. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच बँकेने खाते थकीत म्हणून कळवायचे आणि विलंब शुल्क लावायचे, अशी रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे. पण एकदा ती नोंद झाली की वापर कमी करून मिळवलेले सारे त्यात वाहून जाते.

उलट बाजूने आणखी एक अडचण येते. आधीच्या महिन्याचे बिल अजून बाकी असेल, तर तुम्ही भरलेले पैसे प्रथम त्या जुन्या बिलात जिरतात. १० तारखेचे बिल न भरता १७ तारखेला आधीचा भरणा म्हणून पैसे टाकले, तर तो आधीचा भरणा नसून उशिराचा भरणा ठरतो.

ऑटो-डेबिट लावलेले असेल तर स्टेटमेंट निघाल्यानंतर हाताने केलेला भरणा काही बँकांच्या यंत्रणेत लक्षात घेतला जात नाही आणि पूर्ण रक्कम पुन्हा कापली जाते. पैसे बुडत नाहीत, कार्डावर जमा राहतात, पण बचत खात्यात ऐनवेळी खड्डा पडतो. स्टेटमेंटच्या आधी भरल्यास हा प्रश्न येत नाही, कारण ऑटो-डेबिट स्टेटमेंटवरच्या कमी झालेल्या रकमेचीच होते.

१०. माझ्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे आणि त्याची लिमिट पूर्ण उचललेली आहे. त्यालाही हाच नियम लागू होतो का?

नावात ‘क्रेडिट कार्ड’ असले तरी ते पीककर्जाचे खाते आहे आणि रिपोर्टमध्ये त्याचा खातेप्रकार वेगळा दाखवला जातो. त्याला महिन्याचे स्टेटमेंट आणि वीस दिवसांची मुदत असा प्रकार नसतो; परतफेड पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते. पेरणीला रक्कम उचलणे आणि माल विकल्यावर भरणे हीच त्याची रीत असल्याने ‘स्टेटमेंटच्या आधी भरा’ हा सल्ला येथे निरर्थक आहे.

किसान कार्डाच्या बाबतीत जपायची गोष्ट म्हणजे परतफेडीची तारीख आणि नवे-जुने करण्याची तारीख. कर्जमाफी होईल या आशेवर ती तारीख जाऊ दिली की खाते थकीत दिसते, आणि वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी तीन टक्क्यांची केंद्राची व्याज सवलतही जाते. थकीत किसान कार्ड बाजूला असताना बँकेच्या साध्या कार्डाचा वापर १५ टक्क्यांवर आणून ठेवण्याने काही साधत नाही. आधी ते खाते नियमित करावे.

११. माझ्या कार्डाची लिमिटच १५ हजार आहे. एका खताच्या खेपेत ती संपते. काय करावे?

मुदत ठेवीवर मिळालेल्या किंवा पहिल्यांदा दिलेल्या कार्डांना लिमिट अशीच लहान असते आणि त्यामुळे साध्या खर्चानेही प्रमाण फुगते. पाच हजारांचा किराणा म्हणजे ३३ टक्के झाले. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानातला क्यूआर स्कॅन करणाऱ्यांच्या हे लवकर ध्यानात येत नाही, कारण पन्नास-शंभराच्या खर्चांची बेरीज महिन्याच्या शेवटीच दिसते.

लहान लिमिटच्या कार्डावर महिन्यातून दोनदा पैसे भरणे सोपे जाते: एकदा मोठी खरेदी झाल्यावर आणि एकदा स्टेटमेंट आल्यावर. लिमिट वाढवून घेणे हा कायमचा उपाय आहे. ठेवीवरच्या कार्डात ठेव वाढवली तर लिमिट वाढवून मागता येते. बँक स्वतःहून लिमिट वाढवत असेल तर त्यासाठी तुमची स्पष्ट संमती आवश्यक आहे. वाढलेल्या लिमिटएवढा खर्चही वाढणार असेल, तर मात्र लिमिट आहे तशीच राहू द्यावी.

१२. दोन कार्डांपैकी जुने वापरत नाही. कर्जाच्या अर्जाआधी बंद करून टाकू का?

अर्जाआधी नको. एका कार्डाची लिमिट ४०,००० आणि न वापरलेल्याची ६०,००० असेल व बाकी २५,००० असेल, तर एकूण वापर २५ टक्के आहे. न वापरलेले कार्ड बंद केले की तीच बाकी ४०,००० वर मोजली जाईल आणि वापर साडेबासष्ट टक्के होईल. वार्षिक शुल्क नको म्हणून बंद करायचेच असेल, तर कर्ज मंजूर होऊन पैसे हातात आल्यावर करावे. वर्षभर न वापरलेले कार्ड बँक तीस दिवसांची सूचना देऊन स्वतःच बंद करू शकते, म्हणून अधूनमधून एखादे मोबाईलचे रिचार्ज त्यावर करत राहावे.

१३. मोठ्या खरेदीचे ईएमआय करून घेतले, तर वापर कमी दिसेल का?

हप्ते केल्याने महिन्याला भरायची रक्कम कमी होते, पण उरलेले मुद्दल सहसा कार्डाच्या लिमिटमध्येच अडकून राहते आणि हप्ता भरेल तसतशी लिमिट मोकळी होते. २४,००० रुपयांचा स्प्रे पंप बारा हप्त्यांत घेतला, तर पहिल्या महिन्यात स्टेटमेंटवर दोन हजारांच्या आसपास रक्कम दिसेल, पण रिपोर्टमधली बाकी त्याहून पुष्कळ जास्त असू शकते. तुमच्या कार्डाचे काय होते ते प्रश्न ५ मधल्या पडताळणीतून कळेल.

१४. थोडी बाकी मुद्दाम ठेवून व्याज भरत राहिले की स्कोअर वाढतो, असे एकाने सांगितले. खरे आहे का?

खरे नाही. कार्डावरचे व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असते, आणि बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. कार्ड वापरात आहे हे दिसण्यासाठी स्टेटमेंटवर लहानशी रक्कम येऊ देणे आणि ती पूर्ण भरणे पुरेसे आहे.

१५. आधी भरायला हातात पैसेच नाहीत. कापसाचे चुकारे डिसेंबरमध्ये येतील. तोवर काय?

तर आधी भरू नये. वापर कमी दाखवण्यासाठी सावकाराकडून किंवा दुसऱ्या कार्डावरून उचल करून पैसे भरण्यात अर्थ नाही. कार्डावरून रोख काढली तर तिला बिनव्याजी मुदतच नसते आणि वर शुल्क लागते. अर्जाची घाई नसेल तर अर्ज चुकाऱ्यानंतर करावा. घाई असेल तर जूनची निविष्ठा खरेदी कार्डाऐवजी पीककर्जाच्या खात्यातून करावी, कारण ते खाते त्याचसाठी आहे.

एक पर्याय फारसा कोणाला ठाऊक नसतो. कार्डाच्या बिलाचे चक्र बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला किमान एकदा तरी आहे. पगार १ तारखेला होत असेल आणि स्टेटमेंट २५ ला निघत असेल, तर पगार हाती येईपर्यंत बाकी उतरवण्याची संधीच मिळत नाही. चक्र बदलून स्टेटमेंट ८ किंवा १० तारखेला नेले, की पगारातून आधी भरणे आपोआप जमते.

१६. वेळेत आधी भरले, मुदतही उलटली, तरी रिपोर्टमध्ये जुनाच आकडा किंवा जुनीच लिमिट दिसते. आता?

प्रथम `Date Reported` पाहावे. ती तारीख तुमच्या भरण्याच्या आधीची असेल तर आकडा चुकीचा नाही, शिळा आहे; पुढच्या पंधरवड्याची वाट पाहावी. तारीख भरण्यानंतरची असून बाकी जुनी असेल, किंवा लिमिट ३०,००० वरून ६०,००० झालेली असताना रिपोर्टमध्ये ३०,००० च दिसत असेल, तर ती दुरुस्तीची बाब आहे. लिमिटची चूक लोकांच्या नजरेतून हमखास सुटते, आणि तिच्यामुळे वापर थेट दुप्पट दिसतो.

पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी कार्ड देणाऱ्या बँकेलाही ईमेल करावा. सोबत स्टेटमेंट आणि भरण्याची पावती जोडावी. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी. कर्जाचा अर्ज तोवर थांबवता येत नसेल, तर कार्डाचे ताजे स्टेटमेंट आणि बाकी नसल्याचे बँकेचे पत्र अर्जासोबत द्यावे. स्कोअर त्याने बदलत नाही, पण फाइल तपासणारा अधिकारी ते वाचू शकतो.